दारूला अर्धायुष्य का नाही? यकृत तासाला ठरावीकच का जाळतं?

गुहागरकर (धागाकर्ता)

मंडळी, एका हळदीच्या कार्यक्रमानंतर झालेल्या वादावरून हा धागा. मित्राने रात्री ११ ला सुरुवात करून एक क्वार्टर संपवली, दोनला झोपला आणि सकाळी सातला गाडी काढून चिपळूणला निघाला. म्हणे, ‘पाच तास झोप झाली, उतरली.’ आमच्यातला एक जण मेडिकल दुकान चालवतो. त्याचं म्हणणं, रक्तातली दारू तासाला १०० मिलीमागे साधारण १५ मिलिग्रॅमनेच उतरते, मग झोपा नाहीतर नाचा.

त्यावर मला प्रश्न पडला तो असा. पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य दोन-तीन तास असं आपण वाचतो. म्हणजे रक्तात जास्त असेल तेव्हा शरीर जास्त काढतं, कमी असेल तेव्हा कमी, आणि आलेख वळत वळत खाली येतो. दारूचा मात्र सरळ रेषेत उतरतो म्हणतात. १५० असताना तासाला १५ आणि ६० असतानाही १५! शरीर तेच, यकृत तेच, मग हा वेगळा न्याय का? यकृतात नेमकं काय काय घडतं तेही पायरीपायरीने कुणी सांगितलं तर बरं. माझं रसायनशास्त्र बारावीला संपलं, त्या बेताने घ्या.

चकणा_स्पेशालिस्ट

अहो, सोपं आहे. पिठाची गिरणी. तुम्ही एक डबा ठेवा नाहीतर दहा डब्यांची रांग लावा, गिरणी तासाला दळायची तेवढंच दळणार. यकृतात दारू फोडणारं एन्झाइम ठरावीक असतं. ते भरलं की भरलं, बाकीची दारू रक्तात फिरत राहते. विषय संपला.

आणि रोज घेणाऱ्यांची गिरणी मोठी होत जाते. म्हणून आमच्यासारखे जुने खेळाडू सकाळी ताजेतवाने, आणि वर्षातून एकदा घेणारा दुपारपर्यंत डोकं धरून.

सौ_वैशाली

चांगला विषय काढलात. आमच्या ह्यांना सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ सांगितलंय. घेणं अगदी मोजकं आहे, शनिवार-रविवार. लिव्हर साफ करायला पुनर्नवा घ्यावी की कोरफडीचा रस? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

मंजिरी_बायोकेम

वैशालीताई, तुमच्याकडे येते, आधी मूळ प्रश्न घेते. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवते. मुलंही ‘एन्झाइम भरलं’ एवढं लिहून पूर्ण मार्क मागतात. ते खरं आहे, पण अर्धंच.

दारू पोटातून थोडी आणि लहान आतड्यातून बरीचशी शोषली जाते आणि पोर्टल शिरेतून थेट यकृतात येते. पहिल्या फेरीत यकृत त्यातला थोडाच भाग पकडतं, बाकीची अंगभर पसरते आणि रक्ताबरोबर पुन्हा पुन्हा यकृतात येत राहते. श्वास, लघवी आणि घाम यांतून जशीच्या तशी बाहेर पडणारी दारू अगदी थोडी, बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या आत. बाकी सगळा भार यकृतावर.

यकृताच्या पेशीत अल्कोहोल डिहायड्रोजनेज नावाचं एन्झाइम आहे, आपण एडीएच म्हणू. ते इथेनॉलच्या रेणूतून दोन हायड्रोजन काढून घेतं आणि मागे अॅसिटाल्डिहाइड उरतं. हा खरा त्रासदायक पदार्थ, दारूपेक्षा कितीतरी विषारी. म्हणून पेशी त्याला थांबू देत नाही. तो मायटोकाँड्रियात शिरतो आणि तिथलं दुसरं एन्झाइम त्याचं लगेच अॅसिटेट करतं. हे दुसरं एन्झाइम इतकं तत्पर आहे की बहुतेकांच्या रक्तात अॅसिटाल्डिहाइड जेमतेमच सापडतं. चीन, जपान, कोरियात बऱ्याच लोकांना हे एन्झाइम जन्मतःच अधू मिळतं, त्यामुळे एका पेल्यात चेहरा लालबुंद होतो आणि छाती धडधडते. दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी मुद्दाम हीच पायरी अडवते.

अॅसिटेट झालं की यकृताने हात झटकले. ते रक्तातून स्नायूंकडे, हृदयाकडे जातं आणि तिथे जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं.

आता वेगाकडे. एडीएच किती दारूला निम्मं भरतं, हा कळीचा आकडा. माणसाच्या यकृतात त्याचे चार-पाच भाऊबंद आहेत आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. हिशेबापुरता १०० मिलीला ५ मिलिग्रॅम धरू. मग रक्तात १५० असताना एन्झाइम त्याच्या कमाल वेगाच्या ९७ टक्क्यांवर चालतं, आणि ५० असताना ९१ टक्क्यांवर. दारू तिप्पट, वेगात फरक सहा टक्के. तुमची सरळ रेषा ती हीच. आकडा ५ वर आला की वेग निम्मा, आणि तिथून खाली आलेख पॅरासिटामॉलसारखाच वळतो. म्हणजे न्याय वेगळा नाही. सरळ रेषा म्हणजे त्याच वळणाचा वरचा सपाट भाग.

पॅरासिटामॉलची गोळी ५०० मिलिग्रॅमची. मित्राच्या क्वार्टरमध्ये १८० मिली, ४२.८ टक्क्यांनी ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनाने जवळपास ६१ ग्रॅम. गोळीच्या १२० पट! इतक्या ग्रॅमनी आपण दुसरं कुठलंच औषध घेत नाही, म्हणून बाकीच्या औषधांची एन्झाइमं सहसा भरतच नाहीत.

उरलेलं अर्धं उत्तर रात्री लिहिते, आता तास आहे.

कुतूहल

वाचनखूण साठवली. एक शंका. २०१५ मध्ये मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलमुळे. तेही याच एन्झाइमने फुटतं ना? मग इथेनॉल निभावतं आणि मिथेनॉल मारतं, असं का?

नमुना_क्रमांक

हो, एन्झाइम तेच. पण मिथेनॉलपासून त्याच पायऱ्यांवर फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं. ते शरीराला पटकन उरकत नाही, साठत जातं आणि डोळ्याच्या नसेवर बसतं. म्हणून प्यायल्यावर लगेच काही कळत नाही. बारा-चोवीस तासांनी धुकं दिसायला लागतं, बर्फ पडल्यासारखं, पोटात दुखतं, श्वास भराभर चालतो.

गंमत म्हणा की क्रूर योगायोग, इस्पितळात यावर उतारा म्हणून इथेनॉल देता येतं. एडीएचला मिथेनॉलपेक्षा इथेनॉल फार आवडतं. ते इथेनॉलमध्ये गुंतून राहिलं की मिथेनॉल तसंच मूत्रपिंडाकडून, श्वासातून हळूहळू निघतं किंवा डायलिसिसने काढतात. फोमेपिझोल हे इंजेक्शनही एडीएचलाच अडवतं. हे सगळं रक्त तपासत तपासत करायचं काम आहे. घरी कुणी ‘उतारा’ म्हणून पाजू नका, इस्पितळ गाठा.

वर ‘एन्झाइम भरतं’ म्हटलंय त्याचा याहून ठसठशीत पुरावा नाही.

चकणा_स्पेशालिस्ट

म्हणजे चांगल्या दारूने वाईट दारू मारायची. तत्त्व म्हणून मान्य!

बाकी मंजिरीताईंनी माझंच म्हणणं टक्केवारीत सांगितलं. अर्धं उत्तर कुठलं राहिलं ते बघू.

मंजिरी_बायोकेम

एडीएच काढतं ते हायड्रोजन हवेत सोडून देता येत नाहीत. ते घ्यायला एनएडी नावाचा वाहक लागतो. एका इथेनॉलमागे पहिल्या पायरीला एक एनएडी आणि दुसऱ्या पायरीला एक, असे दोन वाहक भरतात. पेशीत त्यांचा साठा अगदी बेताचा. भरलेले वाहक मायटोकाँड्रियात रिकामे होऊन परत आले तरच पुढचा रेणू फुटणार. चकणासाहेबांच्या गिरणीत आणखी एक अडचण घाला: पीठ धरायचे रिकामे डबेच दोन-चार आहेत आणि ते घरी ओतून परत आणणारा माणूस एक. जातं कितीही मोठं करा, डबा परत आला नाही तर दळण बंद.

आता हे डबे रिकामे होतात ते शेवटी ऑक्सिजनवर. आकडे मांडते. तासाला १५ चा तो दर ७० किलोच्या माणसात अंगभर मोजला तर तासाला साधारण ७ ग्रॅम इथेनॉल, म्हणजे सुमारे ०.१५ मोल. दोन वाहक प्रत्येकी, म्हणजे ०.३ मोल. एक ऑक्सिजन रेणू दोन वाहक रिकामे करतो, म्हणजे ०.१५ मोल ऑक्सिजन, साधारण ३.४ लिटर तासाला. मिनिटाला ५७ मिली.

सबंध शरीर स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला सुमारे २५० मिली ऑक्सिजन वापरतं आणि त्यातला यकृताचा वाटा पाचवा हिस्सा, म्हणजे ५० मिलीच्या आसपास. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. तासाला ७ ग्रॅम दारू जाळायची तर यकृताचा जवळजवळ सगळा श्वास तिलाच लागतो! बाकी कामं, म्हणजे चरबी जाळणं वगैरे, मागे पडतात. याहून वेगाने जाळायची तर यकृताने श्वासच जास्त घ्यायला हवा, आणि तो यकृताच्या मर्जीवर नाही. मायटोकाँड्रिया ऑक्सिजन वापरतात ते पेशीला ऊर्जा हवी असेल त्या प्रमाणात. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या यकृताला जास्त ऊर्जा नको असते, मग गाडी पुढे रेटायची कशी?

वैशालीताई, तुमचं उत्तरही यातच आहे. वाहक दारूत अडकले की चरबी जळायची थांबते आणि रिकामा वाहक नसल्याचा इशारा चरबी साठवायच्या बाजूला जातो. सोनोग्राफीतली ती चकाकी त्यातली असू शकते, वजन आणि साखरेमुळेही असू शकते. पुनर्नवा किंवा कोरफड यातलं काहीच रिकामं करत नाही. शनिवार-रविवार दोन-तीन महिने पूर्ण बंद ठेवून पुन्हा तपासा, ग्रेड १ बऱ्याचदा उतरतो. ‘मोजकं’ म्हणजे किती, हे डॉक्टरांना खरं सांगा म्हणावं.

सौ_वैशाली

शनिवारी साधारण चार लार्ज. हे मोजकं नाही का?

नमुना_क्रमांक

ताई, चार लार्ज म्हणजे २४० मिली, शुद्ध अल्कोहोल ८१ ग्रॅम. वरच्या वेगाने अकरा-बारा तासांचं काम. रविवारी पुन्हा तेवढंच, म्हणजे आठवड्यातला जवळजवळ एक अख्खा दिवस यकृत दुसरं काही करत नाही.

आप्पा६२

मंजिरीताई, तुमच्या या वाहकांशी माझी एक गोष्ट जुळते का ते सांगा. मला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड चालू आहे. गेल्या वर्षी एकादशीचा उपास होता, संध्याकाळी शेंगदाण्यावर जुना मित्र भेटला आणि दोन लार्ज झाल्या. उपासाच्या दिवशी घेऊ नये ते वेगळं, ते बायकोने ऐकवलंच. गोळी घेऊन झोपलो. पहाटे चारला घामाने बनियन पिळायला आलं, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. बायकोला वाटलं, अजून उतरली नाही. सून नर्स आहे म्हणून तिने मशीन लावलं: ४८. साखरपाणी, मग पोळी. अर्ध्या तासाने जागेवर आलो. डॉक्टर म्हणाले, दारूने साखर पडते. मला वाटायचं, दारूत कॅलरी असतात, साखर वाढेल!

मंजिरी_बायोकेम

आप्पा, अगदी जुळते.

रात्री आपण जेवत नाही तरी रक्तातली साखर टिकते ती यकृतामुळे. आधी यकृत स्वतःचा साठा, म्हणजे ग्लायकोजन, मोडून देतं. तो कमी पडला की लॅक्टेट आणि अमिनो आम्लांपासून नवी साखर बनवतं. या नव्या साखरेच्या रस्त्यावर पहिलंच काम लॅक्टेटचं पायरुव्हेट करणं, आणि त्याला रिकामं एनएडी लागतं. दारू फुटत असताना सगळे वाहक भरलेले, म्हणून ही क्रिया उलट्या दिशेला ढकलली जाते आणि पायरुव्हेटचंच लॅक्टेट होत बसतं. तुमचा उपास होता, म्हणजे ग्लायकोजन कमी. वरून ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावत होतं. आत येणारी साखर बंद आणि बाहेर जाणारी चालू. पहाटे चार ही वेळही बरोबर बसते. वर तासाला सात ग्रॅमने दोन लार्जचे ४१ ग्रॅम सहा तास पुरतात, म्हणजे यकृत रात्रभर अडकून होतं.

यात घात होतो तो ओळखण्यात. घाम, थरथर, जड जीभ, चिडचिड ही सगळी लक्षणं दारू चढल्यासारखीच दिसतात आणि तोंडाला वासही असतो. तुमच्या सुनेने मशीन लावलं म्हणून निभावलं. घरात इन्शुलिनवाला किंवा या गटातल्या गोळ्या घेणारा कुणी असेल आणि रात्री प्यायला असेल, तर ‘झोपू दे त्याला’ म्हणू नका, आधी साखर बघा. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काही न घालता सरळ इस्पितळ. ग्लुकॅगॉनचं इंजेक्शनही अशा वेळी दगा देऊ शकतं, कारण ते ग्लायकोजन मोडतं आणि तेच संपलेलं असतं.

चकणा_स्पेशालिस्ट

आप्पा, जपा हो. शेंगदाण्यावर भागवू नका, वरणभात खाऊन मग बसा.

ताई, डबे पटले. पण जुन्या खेळाडूंची गिरणी मोठी होते हे तरी खरं ना? मी स्वतः बघतो, मला आता चार लार्जला काही होत नाही. कॉलेजात दोनवर आडवा व्हायचो.

नमुना_क्रमांक

इथे दोन गोष्टी एकात आल्यात, सुटी करतो. माझं काम रक्ताच्या नमुन्यांचं आहे, म्हणून नेहमी बघतो.

पहिली: काही न होणं हा मेंदूचा सराव आहे, रक्ताचा नाही. चार लार्जवर सरळ चालणाऱ्या आणि चार लार्जवर लोळणाऱ्या दोघांच्या रक्तात आकडा सारखाच असू शकतो. ब्रेथ अॅनालायझर चालणं बघत नाही. आणि सराव झालेल्याचीही ब्रेक दाबायची वेळ लांबतेच.

दुसरी: गिरणी थोडी मोठी होते, हेही खरं. यकृतात सिप २ई१ नावाचं दुसरं एन्झाइम आहे. ते एरवी इथेनॉल पकडण्यात सुस्त, पण रक्तात दारू जास्त असेल तर मदतीला येतं. रोज पिणाऱ्यात त्याचं प्रमाण वाढतं, त्यामुळे त्यांचा दर तासाला २० ते २५, काहींचा त्याहूनही जास्त भरतो. पण याचा रस्ता वेगळा आहे. ते एनएडी भरत नाही, थेट ऑक्सिजन वापरतं आणि त्या भानगडीत पेशीला जाळणारे ऑक्सिजनचे उपद्रवी तुकडे सांडतं. शिवाय पॅरासिटामॉलचा एक छोटा भाग विषारी रूपात बदलणारं एन्झाइमही हेच. म्हणून रोज पिणाऱ्याने डोकेदुखीवर पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेणं जास्त धोक्याचं. मोठी झालेली गिरणी ही बक्षीस समजू नका. सिरॉसिस झालं की पुढे दर उलट घसरतो.

चकणा_स्पेशालिस्ट

बक्षीस कोण म्हणतंय. पण वाढतो म्हणजे ‘ठरावीक’ नाही राहिला ना? मग धाग्याचं शीर्षकच चुकलं.

मंजिरी_बायोकेम

एका माणसात एका रात्रीपुरता ठरावीक. माणसामाणसात आणि वर्षावर्षांत बदलतो. जेवणानेही फरक पडतो. जेवून प्यायलं की शोषण हळू होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण जेवलेल्या माणसात जाळण्याचा दरही थोडा वाढतो. कदाचित भरपेट असताना वाहक रिकामे करायची यंत्रणा जास्त चालते म्हणून.

मुळात दर नेमका कशाने अडतो यावर जुना वाद आहे. एडीएचचं प्रमाण, की एडीएचला चिकटलेला भरलेला वाहक सुटायला लागणारा वेळ, की मायटोकाँड्रियात वाहक रिकामे होण्याचा वेग? ह्यूगो थिओरेल यांना १९५५ चं नोबेल ऑक्सिडेशन करणाऱ्या एन्झाइमांवरच्या कामासाठी मिळालं. घोड्याच्या यकृतातल्या एडीएचवर त्यांनी दाखवलं की इथेनॉल झटकन फुटतं, वेळ खातो तो भरलेला वाहक सुटणं. तेवढ्यावरून बघितलं तर एन्झाइमच अडसर. माझ्या मते उपाशी माणसात वाहकांचा अडसर मोठा आणि भरपूर खाल्लेल्यात दोन्ही जवळ जवळ. माझ्याच विभागातले सहकारी मला यावर खोडून काढतात.

नमुना_क्रमांक

मी त्या सहकाऱ्यांच्या बाजूचा. वाहकच एकमेव अडसर असते तर ज्यांच्यात एडीएचचे वेगळे प्रकार आहेत त्यांच्यात दर वेगळा दिसायला नको, आणि तो थोडाफार दिसतो.

मंजिरी_बायोकेम

‘एकमेव’ मी कुठे म्हटलं! पण मग फ्रुक्टोजचं काय कराल? भरपूर फ्रुक्टोज दिलं की दर वाढतो आणि एडीएच तर तेवढंच असतं.

गुहागरकर

थांबा थांबा, फ्रुक्टोज म्हणजे मध? आमच्याकडे ‘मध चाटवा, उतरेल’ म्हणतातच.

मंजिरी_बायोकेम

तत्त्वात तथ्य आहे, व्यवहारात नाही. फ्रुक्टोज फुटताना त्यातला एक तुकडा भरलेल्या वाहकाचा हायड्रोजन घेतो, शिवाय पेशीची ऊर्जा खर्च होते म्हणून मायटोकाँड्रिया पळायला लागतात. पण त्याला लागतं फार मोठ्या प्रमाणात, चमचाभर मधाने काही होत नाही. तेवढं फ्रुक्टोज दिलं तर मळमळ, पोट बिघडणं, रक्तात लॅक्टिक आम्ल आणि यूरिक आम्ल वाढणं हे सगळं सोबत येतं. म्हणून इस्पितळातही कुणी ते दारू उतरवायला वापरत नाही. काळी कॉफी, लिंबू, थंड पाणी यांचा तर वाहकांशी काही संबंध नाही. कॉफीने झोप उडते, म्हणजे प्यायलेला माणूस जागा राहतो, इतकंच.

गुहागरकर

मग आता मूळ वाद मिटवा. मित्र ७० किलोचा आहे. सकाळी सातला तो नक्की कुठे होता?

नमुना_क्रमांक

स्वीडनच्या विडमार्क यांनी १९३२ च्या सुमारास मांडलेला हिशेब आजही कोर्टात चालतो. ६१ ग्रॅम अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं. पुरुषासाठी वजनाचे साधारण ०.६८ धरायचे, म्हणजे ७० किलोला ४७.६. भागाकार केला की १०० मिलीला सुमारे १२८ मिलिग्रॅम. सगळी एकदम शोषली असती तर इथपर्यंत. यातून प्यायला सुरुवात केल्यापासूनचे तास वजा करायचे, कारण पहिल्या घोटापासून यकृत कामाला लागलेलं असतं. ११ ते ७ म्हणजे आठ तास.

दर १५ धरला तर १२० गेले, उरले ८. कायद्याची मर्यादा १०० मिलीला ३०, म्हणजे मित्र बचावला. दर २० असेल तर साडेपाचच्या आधीच शून्य. पण दर १० चा माणूसही अगदी निरोगी असू शकतो, आणि मग सातला त्याच्या रक्तात ४८. नाक्यावर मशीन वाजलं असतं आणि तो शपथेवर म्हणाला असता की रात्री दोननंतर थेंब घेतला नाही.

म्हणून आम्ही अहवालात एक आकडा कधी देत नाही, पट्टा देतो. बचावाचे वकील दर नेहमी स्वतःच्या सोयीचा निवडतात, सरकारी पक्षही. आणि पट्टाही तेव्हाच, जेव्हा शोषण पूर्ण झालेलं असतं. शेवटचा पेग आणि अपघात यांत अर्धा तास असेल तर उलट हिशेब करण्यात अर्थ नाही, आकडा अजून चढत असतो. नमुना घेतानाही भानगडी होतात. हात स्पिरिटने पुसला की संपलं. बाटलीत सोडियम फ्लोराइड नसेल तर रक्तातल्या साखरेवर जंतू वाढून तिथेच दारू तयार होऊ शकते.

चकणा_स्पेशालिस्ट

आमच्या बिअरवाल्यांचं काय? मी हल्ली व्हिस्की सोडून बिअरवर आलोय. दोन स्ट्राँग, रात्री ११ लाच. बिअरच तर आहे.

नमुना_क्रमांक

६५० मिलीची बाटली, ८ टक्के. एकीत ५२ मिली शुद्ध, ४१ ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बाटली चार स्मॉल पेगांबरोबर. दोन बाटल्या ८२ ग्रॅम, तुमच्या क्वार्टरपेक्षा जास्त. ७० किलोला १७२. सकाळी सातला, दर १५ धरूनही, ५२ उरले.

चकणा_स्पेशालिस्ट

मी ८० किलोचा आहे.

नमुना_क्रमांक

मग १५१. सातला ३१.

चकणा_स्पेशालिस्ट

एका आकड्यासाठी अडवताय!

आप्पा६२

आणि दर १० निघाला तर?

नमुना_क्रमांक

तर सातला ७१. ३० वर यायला सकाळचे अकरा वाजून जातात.